ऐंशी टक्के बुजली तरी कळत नाही अशी जाळी

मावशीचा फोन आला, अरे वॉशिंग मशीन लावलं की नुसतं पाण्याचा बारीक आवाज येत बसतो, ड्रम काही फिरत नाही, आणि मग स्क्रीनवर IE येतं, म्हणजे पाणी नीट भरत नसल्याची खूण. मी विचारलं हे कधीपासून, तर म्हणाली कालपासून, परवापर्यंत अगदी नीट चालू होतं. हे 'कालपासून' मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावरच लिहावंसं वाटलं, कारण मशीनच्या मागची, येणारं पाणी गाळणारी जाळी एका रात्रीत बुजत नाही, ती कित्येक महिने बुजत असते, फक्त आपल्याला ते शेवटच्या टप्प्यात कळतं. असं का होतं ते समजलं की साफ करताना काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही हेही आपोआप कळतं.

आधी जागा सांगतो, कारण इथे खूप जणांचा गोंधळ होतो. मशीनच्या पुढे खाली एक छोटं झाकण असतं, त्यात नाणी, बटणं, केसांचे पुंजके सापडतात, तो पाणी बाहेर टाकणाऱ्या पंपाचा फिल्टर. त्याचा पाणी हळू भरण्याशी काही संबंध नाही. आपल्याला हवी ती जाळी मशीनच्या मागे असते, नळाकडून येणारा पाइप जिथे मशीनला नटने जोडलेला असतो तिथे तो नट काढला की आत बोटाच्या पेराएवढं तोंड दिसतं आणि त्यात बसलेली प्लास्टिकची बारीक जाळी. काही पाइपांना नळाच्या बाजूलाही अशीच एक जाळी असते, म्हणून दोन्ही टोकं बघायची.

आता ही जाळी तिथे कशासाठी आहे? तिच्या लगेच मागे पाणी सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह असतो. आपल्याला वाटतं की कॉइलमधून करंट गेला की चुंबक पाण्याचं झाकण उचलतो, पण एवढीशी कॉइल नळाच्या दाबाविरुद्ध थेट झाकण उचलू शकत नाही. म्हणून आत एक रबराचा पडदा असतो आणि त्या पडद्याला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं. त्या भोकातून पाणी हळूच पडद्याच्या मागे जाऊन साठतं आणि तेच पाणी पडद्याला मागून दाबून धरतं, म्हणजे नळाचा दाबच व्हॉल्व्ह बंद ठेवतो. कॉइल फक्त मधली एक छोटी वाट उघडते, मागचं पाणी निघून जातं, दाब उतरतो आणि पडदा पाण्याच्याच जोरावर उचलला जातो. फार सुंदर रचना आहे ही, पण तिची सगळी भिस्त त्या बारीक भोकावर आणि पडदा जिथे टेकतो त्या कडेवर. रेतीचा एक कण भोकात अडकला किंवा पडद्याखाली आला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी येत राहतं. म्हणून जाळी काढून टाकून मशीन चालवणं हा उपाय नाही, मग पाणी कितीही जोरात येवो.

आता 'कालपासून'चं गणित. समजा जाळीतून पाण्याला जायला मोकळी जागा १०० चौरस मिलिमीटर आहे आणि तिच्या पुढची व्हॉल्व्हमधली सगळ्यात अरुंद वाट २० चौरस मिलिमीटर (आकडे सोयीचे घेतलेत, प्रत्येक मशीनचे वेगळे असतात). पाणी दोन्हींमधून एकापाठोपाठ एक जातं, त्यामुळे किती पाणी येणार हे मुख्यतः अरुंद वाट ठरवते. जाळी अर्धी बुजली, ५० उरली, तरी पाणी जेमतेम ५ टक्के कमी होतं, कोणाच्या लक्षातही येणार नाही. ८० टक्के बुजली, २० उरली, तरी आधीच्या ७२ टक्के पाणी येतंच, मशीन मिनिटभर जास्त घेतं इतकंच. पण ९५ टक्के बुजली की पाणी एकदम चौथ्या हिश्श्यावर येतं. म्हणजे पहिल्या ८० टक्के गाळाने जेवढं नुकसान केलं त्याहून कितीतरी जास्त शेवटच्या १५ टक्क्यांनी केलं. शिवाय शेवटी वेगही वाढतो कारण मोठे कण आधी अडकतात, मग त्यांच्या मधल्या फटीत छोटे कण अडकतात जे एरवी जाळीतून सहज गेले असते, आणि मग तो थर स्वतःच आणखी बारीक जाळी होऊन बसतो.

मावशीकडे गेलो तेव्हा मी लगेच काही उघडलं नाही. आधी मोबाइलवर वेळ लावून मशीन सुरू केलं, पाणी भरायला १२ मिनिटं लागली, आणि ती म्हणाली पूर्वी तीनेक मिनिटांत भरायचं. म्हणजे बरोबर चौथा हिस्सा. मग नळ बंद करून पाइप मशीनपासून सोडवला, त्याचं टोक १० लिटरच्या बादलीत धरलं आणि नळ पूर्ण उघडला. १ मिनिट ५ सेकंदांत बादली भरली. ही एकच चाचणी करा, अर्धं कोडं तिथेच सुटतं. बादली झटकन भरली तर नळ, दाब आणि पाइप ठीक आहेत, अडचण जाळीत किंवा तिच्या पुढे. बादलीच रडत रडत भरली तर जाळी कितीही घासा, उपयोग नाही, नळ अर्धवट उघडतोय का, पाइप मशीनमागे दुमडलाय का, पाइपच्या नळाकडच्या टोकाची जाळी बुजलीय का, टाकी फार कमी उंचीवर आहे का ते बघायचं. टाकीतल्या पाण्याची पातळी मशीनपेक्षा जितके मीटर वर तितका साधारण ०.१ बार दाब प्रत्येक मीटरला मिळतो, आणि बऱ्याच मशीनना निदान ०.३ बार लागतो, म्हणजे तीन मीटरच्या आत असेल तर व्हॉल्व्ह आधीच कसाबसा चालत असतो आणि तिथे थोडीशी बुजलेली जाळीही लवकर जाणवते.

आता खरं काम. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही कारण हात पाणी आणि विजेच्या जोडांजवळ जाणार आहेत. नळ बंद. पाइपमध्ये दाब अडकलेला असतो म्हणून नटखाली जुना टॉवेल धरून नट डावीकडे हळूहळू सैल करायचा, आधी फुस्स करून थोडं पाणी येईल, येऊ द्या. हाताने नाही फिरला तर नटावर कापड गुंडाळून पक्कड लावा, पण मशीनकडचं तोंड दुसऱ्या हाताने आधार देऊन धरा, ते प्लास्टिकचं असतं आणि पिळलं गेलं तर आख्खा व्हॉल्व्ह बदलायची वेळ येते.

तोंडात बघितलं तर मावशीच्या जाळीवर तपकिरी चिखलासारखा थर होता आणि त्यात चमकणारे कण. इथे लोक घाईने जाळी ओढतात आणि वरचा सैल गाळ आत व्हॉल्व्हमध्ये पडतो, म्हणजे ज्या कणांपासून जाळीने वाचवलं तेच आपण हाताने आत घालतो. म्हणून आधी ओल्या कापडाचं टोक बोटावर गुंडाळून वरचा गाळ टिपून घ्या, आतल्या बाजूला ढकलू नका. मग जाळीच्या मधोमध एक उभी पट्टी किंवा छोटी खुंटी असते ती लांब तोंडाच्या पकडीने धरून सरळ बाहेर ओढा, अडली तर थोडं डावी-उजवी हलवत. पिन, सुई, स्क्रूड्रायव्हर जाळीत खुपसायचं नाही, एक धागा तुटला की तिथून कण कायमचे आत जाणार.

जाळी धुताना पाण्याची दिशा उलटी हवी. गाळ ज्या बाजूला बसलाय त्याच्या मागच्या बाजूने नळाची धार सोडा, कण आले त्या वाटेने परत निघतात, समोरून धार मारली तर ते आणखी घट्ट रुततात. जुन्या मऊ टूथब्रशने हलकं घासा. पांढरा कडक थर राहिला तर तो बहुतेक क्षारांचा, अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवा, बारीक बुडबुडे आले की समजायचं चुन्याचा क्षार विरघळतोय. रेतीला व्हिनेगर काही करत नाही, ती धारेनेच जाते. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं झालं की जाळी बसत नाही. शेवटी जाळी उजेडासमोर धरून बघा, प्रत्येक चौकोनातून उजेड दिसला पाहिजे.

गाळ टाकून देण्याआधी पांढऱ्या ताटलीत घेऊन जरूर बघा, तो कुठून आला ते तोच सांगतो. चमकदार, बोटांत करकरणारे कण म्हणजे रेती, टाकीच्या तळातून किंवा बोअरमधून आलेली. तपकिरी पापुद्रे म्हणजे लोखंडी पाइपचा गंज. काळे, मऊ, दाबले की चेपणारे तुकडे असतील तर पाइपचं आतलं रबर सुटतंय, मग जाळी धुऊन थांबू नका, पाइपच बदला.

जोडण्याआधी एक पायरी चुकवू नका: पाइपचं मोकळं टोक बादलीत धरून नळ अर्धा मिनिट पूर्ण सोडा. पाइपच्या आत गाळ बसलेला असतोच आणि हलवाहलवीत सुटतो, मावशीच्या बादलीत तळाला चमचाभर रेती निघाली, तशीच जोडली असती तर ती सगळी पहिल्याच धुण्यात जाळीवर आली असती. मग जाळी जशी निघाली त्याच दिशेने बसवा, नटातला रबरी वॉशर जागेवर आहे ना बघा आणि नट आधी बोटांनीच फिरवा. आटे वाकडे बसले तर लगेच अडखळल्यासारखं लागतं, तेव्हा जोर न करता मागे घेऊन परत लावायचा. हाताने घट्ट झाल्यावर पकडीने अगदी थोडा. टेपची गरज नाही, इथे पाणी आटे अडवत नाहीत, वॉशर अडवतो. मग नळ उघडून जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरवा, ओला झाला तर वॉशर नीट बसलेला नाही. गरम आणि गार पाण्याचे दोन पाइप असतील तर अदलाबदल करू नका आणि दोन्ही जाळ्या बघा.

जोडून झाल्यावर, मशीन बंद ठेवून नळ उघडा आणि दहा मिनिटं ड्रममध्ये बघा. पाणी ठिबकत असेल तर कण आधीच व्हॉल्व्हमध्ये गेलाय, ते जाळी धुऊन सुटत नाही, व्हॉल्व्ह बदलावा लागतो आणि तोपर्यंत प्रत्येक धुण्यानंतर नळ बंद ठेवायचा. मावशीकडे ड्रम कोरडा होता, मशीन सुरू केलं तर ३ मिनिटं १० सेकंदांत भरलं.

राहिला प्रश्न इतकी रेती आली कुठून. विचारल्यावर कळलं की सकाळी टाकीत पाणी चढत असतानाच ती मशीन लावते, आणि तेव्हा वरून पडणारी धार तळाचा गाळ ढवळत असते. ०.२ मिलिमीटरचा रेतीचा कण मीटरभर पाण्यात साधारण मिनिटभरात तळाला जातो, पण ०.०१ मिलिमीटरच्या बारीक मातीला तेवढ्याच अंतराला तीन तासांच्या आसपास लागतात. मग ठरवलं की टाकी भरून झाल्यावर निदान अर्धा तास थांबून मशीन लावायचं, रेती तर बसतेच, माती थोडी येईल पण ती जाळीला फारशी अडत नाही. दोन महिन्यांनी परत उघडून बघितलं तर जाळीवर चिमूटभरच कण होते, आणि ती म्हणाली आता दर दोन महिन्यांनी मीच काढते, पक्कड फक्त इथेच ठेवून जा.