वारसाने किंवा बक्षीसपत्राने आलेला फ्लॅट विकताना खरेदीची किंमत कोणती धरायची आणि मुदत कधीपासून मोजायची?

आई-वडिलांचा फ्लॅट नावावर झाला आणि पुढे तो विकायचा ठरला, की कराचा हिशेब करताना पहिल्याच रकान्याशी गाडी अडते. खरेदी किंमत काय लिहायची? आपण तर एक पैसाही दिलेला नाही. मग कोणी शून्य लिहितो, कोणी बक्षीसपत्रावर छापलेलं बाजारमूल्य लिहितो, तर कोणी वडील गेले त्या वर्षीचा भाव. ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत.

नाशिकच्या एका फ्लॅटचं उदाहरण घेऊ. वडिलांनी 1991 साली तो 1,35,000 रुपयांना विकत घेतला. 2009 मध्ये ते गेले आणि मृत्युपत्राने फ्लॅट आईच्या नावावर आला. आईने मार्च 2024 मध्ये बक्षीसपत्र करून तो लेकीला दिला. बक्षीसपत्रावर बाजारमूल्य 44 लाख रुपये लिहिलं होतं, कारण मुद्रांक कार्यालयाला ते लागतं. लेकीने डिसेंबर 2025 मध्ये फ्लॅट 52 लाखांना विकला आणि दलालाला 52,000 रुपये दिले.

आधी बक्षिसाचंच पाहू. आईने लेकीला फ्लॅट दिला तेव्हा प्राप्तिकराच्या दृष्टीने कोणाचाच नफा झाला नाही. बक्षीस आणि मृत्युपत्राने होणारं हस्तांतर भांडवली नफ्यातून वगळलेलं आहे, आणि आईकडून मिळालेलं बक्षीस लेकीचं उत्पन्नही धरलं जात नाही. तोवर कर कुठेच लागला नाही म्हणूनच कायदा लेकीला मागच्या मालकाच्या जागी बसवतो. जुन्या, म्हणजे 1961 च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम 49(1) प्रमाणे तिची खरेदी किंमत म्हणजे 'पूर्वीच्या मालकाची' किंमत. या विक्रीला हाच कायदा लागू आहे, कारण 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून अमलात आला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पूर्वीचा मालक म्हणजे आई नव्हे. आईलाही फ्लॅट वारसानेच आला होता, त्यामुळे साखळी मागे नेत ज्याने खरोखर पैसे मोजून घेतला त्याच्यापर्यंत जायचं. तो माणूस म्हणजे वडील, आणि वर्ष 1991.

मुदतीलाही हाच न्याय. घर-जमीन 24 महिन्यांपेक्षा जास्त काळ धारण केली तर नफा दीर्घ मुदतीचा ठरतो. लेकीचे स्वतःचे महिने मोजले तर मार्च 2024 ते डिसेंबर 2025 म्हणजे जेमतेम 21. तेवढेच धरले तर नफा अल्प मुदतीचा होऊन पगारात मिसळेल आणि स्लॅबप्रमाणे 30 टक्क्यांपर्यंत कर बसेल. पण कलम 2(42A) पूर्वीच्या मालकाचा काळ मिळवायला सांगतं. म्हणून मुदत 1991 पासून, आणि नफा दीर्घ मुदतीचा.

आता किंमत. मालमत्ता 1 एप्रिल 2001 च्या आधीची असेल तर प्रत्यक्ष खरेदी किमतीऐवजी त्या तारखेची रास्त बाजारकिंमत घेता येते. यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. मात्र घर-जमिनीला इथे एक मर्यादा आहे. 2001 चं रेडी रेकनर मूल्य उपलब्ध असेल तर त्याच्यावर जाता येत नाही. आपल्या उदाहरणात मूल्यांककाने 5 लाख काढले आणि रेकनरप्रमाणे 4,20,000 आले, तर धरायचे 4,20,000. मूल्यांककाकडून अहवाल घेताना त्या वर्षीच्या रेकनरच्या पानाची प्रत सोबत मागून घ्याच. अहवाल जाडजूड असतो आणि नेमकं हेच पान त्यात नसतं.

दलाली वजा जाता लेकीच्या हाती 51,48,000 आले. त्यातून 4,20,000 गेले की नफा 47,28,000, आणि साडेबारा टक्क्यांनी कर 5,91,000. फ्लॅट 23 जुलै 2024 च्या आधीचा असल्याने निवासी व्यक्तीला दुसरा हिशेबही करून पाहता येतो, तो म्हणजे महागाई निर्देशांक लावून 20 टक्के. 2001-02 चा निर्देशांक 100 आणि 2025-26 चा 376. त्यामुळे 4,20,000 चे 15,79,200 होतात, नफा 35,68,800 आणि कर 7,13,760. दोन्हींतला कमी तो भरायचा, म्हणजे 5,91,000. उपकर आणि लागू असल्यास अधिभार वेगळा.

पुष्कळांना इंडेक्सेशन गेल्याची हळहळ वाटते, पण आकडेमोड करूनच ठरवावं. 2025-26 मधल्या विक्रीत हाती आलेली रक्कम 2001 च्या किमतीच्या सुमारे 8.36 पटींपेक्षा कमी असेल तरच इंडेक्सेशन फायद्याचं ठरतं. इथे ती बारापटीवर गेली. हा निर्देशांक कोणत्या वर्षापासून लावायचा यावरही पूर्वी वाद होता. विभागाचं म्हणणं होतं की वारसाच्या हाती मालमत्ता आली त्या वर्षापासून. मुंबई उच्च न्यायालयाने 2011 मध्ये मंजुळा शाह प्रकरणात पूर्वीच्या मालकाचं वर्ष धरायचं असं ठरवलं.

परदेशात राहणाऱ्या भावंडांनी मात्र सावध राहावं. दोन हिशेबांतून निवड करायची सोय फक्त निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना आहे. अनिवासी वारसाला सरळ साडेबारा टक्के, आणि त्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराने कापायचा टीडीएसही 1 टक्क्याचा नसतो, त्याला वेगळं कलम लागतं.

हक्कसोडपत्राचंही सांगायला हवं. भावाने आपला हिस्सा मोबदला न घेता सोडला तर वरचाच नियम. पण बहिणीने त्याला पैसे दिले असतील, तर तेवढा हिस्सा तिने विकत घेतला असं धरलं जातं. त्या हिश्श्याची किंमत म्हणजे दिलेली रक्कम आणि मुदत त्या तारखेपासून. एकाच फ्लॅटचे मग दोन हिशेब मांडावे लागतात.

कागद जमवताना साखळीचा एकही दुवा तुटू देऊ नका. वडिलांचा 1991 चा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू, त्यांचा मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट (पाठीमागच्या नावबदलाच्या नोंदींसह), आईचं बक्षीसपत्र, मूल्यांककाचा अहवाल, विक्रीखत आणि दलालीची पावती. 2001 नंतर आईने किंवा लेकीने फ्लॅटमध्ये भर घालणारं मोठं काम केलं असेल तर त्याची बिलंही, कारण पूर्वीच्या मालकाने केलेला असा खर्चही वजा होतो. रंगरंगोटी त्यात येत नाही.

विक्री 50 लाखांच्या वर असल्याने खरेदीदाराने 1 टक्का, म्हणजे 52,000 रुपये कापून फॉर्म 26QB ने भरलेले असतात. ते आपल्या फॉर्म 26AS मध्ये दिसतात का, हे विवरणपत्र भरण्याआधी पाहा. विवरणपत्र ITR-2, त्यातलं Schedule CG. खरेदीची तारीख विचारली जाईल तिथे वडिलांची 1991 ची तारीख टाका, बक्षीसपत्राची नको. मार्च 2024 टाकली की नफा आपोआप अल्प मुदतीत जाऊन बसतो आणि मग दुरुस्तीच्या मागे महिने जातात. डिसेंबरच्या विक्रीचा आगाऊ कर 15 मार्च 2026 पर्यंत भरायचा होता. तो राहून गेला असेल तर व्याज धरून हिशेब करा.