बॅटरीतलं ग्रॅफाइट: खाणीतलं की भट्टीतलं?

60 युनिट क्षमतेच्या इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत लिथियम जेमतेम सहा-सात किलो, पण ग्रॅफाइट साधारण 60 किलो असतं. चार्जिंग करताना लिथियम या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतं. ग्रॅफाइट खाणीतून काढता येतं किंवा भट्टीत बनवता येतं.

खाणीतलं स्वस्त पडेल असं वाटतं, पण त्यात एक गोम आहे. खनिजाचे कण चपट्या पापुद्र्यांच्या रूपात मिळतात. ते तांब्याच्या पत्र्यावर लेपले की आडवे पडतात. मग लिथियमला थरांत शिरायला कडेकडेने वळसा घालावा लागतो आणि जलद चार्जिंग अडतं. शिवाय लिथियम शिरल्यावर थरांमधलं अंतर सुमारे 10 टक्के वाढतं. सगळे कण एकाच दिशेने फुगले की लेप जाड होतो, वारंवार ताण येऊन सुटतो. म्हणून हे पापुद्रे दळून, घासून गोल गोळ्या करतात. यात निम्म्याहून जास्त माल बारीक भुकटी होऊन बाजूला पडतो. म्हणजे आपल्या 60 किलोंसाठी सव्वाशे किलोंहून जास्त खनिज लागतं. त्यानंतर शुद्धीकरण करायचं, तेही बहुतेक ठिकाणी हायड्रोफ्लोरिक आम्लाने. या आम्लाचं सांडपाणी सांभाळणं हे काम वेगळंच.

कृत्रिम ग्रॅफाइटसाठी पेट्रोलियम किंवा कोळशाच्या डांबरापासूनचा कोक, म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बनचा घन पदार्थ, जवळपास 3000 अंश सेल्सिअसला तापवतात. जुन्या पद्धतीच्या भट्टीत टनामागे 10 ते 15 हजार युनिट वीज जाते, म्हणजे एका कारमागे 600 ते 900 युनिट! भट्टी निवायलाच काही आठवडे लागतात. बदल्यात कणांची दिशा विस्कळीत मिळते, फुगणं सगळीकडे वाटलं जातं आणि बॅटरी जास्त वर्षं टिकते. क्षमतेत मात्र नैसर्गिक थोडं सरस: ग्रॅममागे साधारण 360 मिलिअँपिअर-तास, सैद्धांतिक मर्यादा 372. त्यामुळे बरेच उत्पादक दोन्ही मिसळूनच वापरतात.

एवढी वीज खाऊनही कृत्रिम मालच बाजारात पुढे आहे. चीनने स्वस्त वीज असलेल्या इनर मंगोलियासारख्या भागात भट्ट्या उभारल्या, इतक्या की 2023 नंतर मागणीपेक्षा क्षमताच जास्त झाली आणि भाव कोसळले. नैसर्गिकची स्वस्ताई त्यात बरीचशी विरून गेली.

पुरवठ्याची खरी अडचण माझ्या मते खाणीत नाही, गोळ्या करण्यात आणि शुद्धीकरणात आहे. मोझांबिकमधल्या बलामा खाणीत साठा प्रचंड आहे, पण 2024 च्या अखेरीस स्थानिक आंदोलनामुळे तिथलं काम थांबलं. ते चालू असलं तरी बॅटरीयोग्य माल बनवणारे बहुतेक कारखाने चीनमध्येच आहेत, आणि डिसेंबर 2023 पासून तिथून निर्यातीला परवाना लागतो. भारताला डांबराचा मार्ग जवळचा, कारण पोलादासाठी कोळसा भाजून कोक करताना ते निघतंच. मुंबईची एप्सिलॉन कंपनी याच मार्गाने ॲनोडचा, म्हणजे बॅटरीच्या ज्या भागात हे ग्रॅफाइट असतं त्याचा, माल बनवते. पण चीनच्या भावाशी टक्कर द्यायची तर भट्टीला वीज कोणत्या दराने मिळते यावरच सगळं अडतं.