आरोग्य नियोजन चक्र, आणि त्यातली स्वॉट व क्रिटिकल पाथ ही साधनं

आरोग्य नियोजन चक्र म्हणजे एखाद्या भागातले आजार, हातातली माणसं आणि पैसा बघून काय आधी करायचं ते ठरवणं, ते करणं, मोजणं आणि त्या मोजमापावरून पुढच्या फेरीचं ठरवणं. पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, याच्या पाठ्यपुस्तकांत याच्या साधारण आठ पायऱ्या येतात: परिस्थितीचा अभ्यास, उद्दिष्टं, साधनसामग्रीचा अंदाज, प्राधान्यक्रम, आराखडा लिहिणं, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन. परीक्षेसाठी त्या पाठ असतातच, म्हणून इथे परत समजावत बसत नाही. प्रत्यक्षात मधल्या पायऱ्या एकमेकांत मिसळतात, कारण गोळ्या किती मिळणार हे कळल्याशिवाय उद्दिष्टाचा आकडा कोणी लिहीत नाही.

चक्राचा उगम कुठला यावर एकमत नाही. भारतात आरोग्यसेवांची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल 1946 चा आणि पहिली पंचवार्षिक योजना 1951 ची, म्हणून आपल्याकडे सुरुवात तिथून धरतात. पण रोगांची तीव्रता, ते टाळता येण्याची शक्यता आणि एक मृत्यू टाळायला येणारा खर्च यांची सांगड घालून प्राधान्य ठरवायची शिस्तबद्ध पद्धत 1960 च्या दशकात लॅटिन अमेरिकेत, व्हेनेझुएलातल्या सेंडेस या विकास अभ्यास केंद्रात आणि पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनच्या साथीने तयार झाली. होर्हे आहुमादा आणि मारियो तेस्ता ही नावं तिच्याशी जोडली जातात. नंतर तिच्यावर टीका झाली की माहिती फार मागते आणि राजकारण गृहीतच धरत नाही, आणि ती टीका बऱ्यापैकी खरी आहे. तरी आजच्या प्राधान्यक्रमाच्या तक्त्यांची आजी तीच, असं मानायला हरकत नाही.

स्वॉटचा जन्म त्याहून जास्त वादाचा. बलस्थानं, उणिवा, संधी, धोके अशा चार खान्यांचा हा तक्ता बराच काळ अल्बर्ट हम्फ्री यांच्या नावावर खपला, आणि दुसरीकडे हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या 1965 च्या आसपासच्या बिझनेस पॉलिसी शिकवण्याकडेही बोट दाखवतात. अलीकडच्या शोधात असं पुढे आलंय की स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट स्टुअर्ट यांच्या गटाने 1960 च्या दशकाच्या मध्यावर सॉफ्ट नावाची पद्धत बांधली होती, तिच्यात आजचे चार खाने जवळपास तसेच होते, आणि हम्फ्री त्याच संस्थेतले. कागदपत्रांचा पुरावा या बाजूला जास्त दिसतो. नंतर 1982 साली हाइन्त्स वाइरिख यांनी खान्यांच्या जोड्या लावायची टोज ही मांडणी दिली. खरा उपयोग त्या जोड्यांतच आहे, नुसते चार खाने भरून काही होत नाही.

क्रिटिकल पाथ म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांतली सगळ्यात लांब साखळी शोधायची पद्धत. तिचं तसं नाही, तिथे तारखा बऱ्या आहेत. 1957 च्या सुमारास ड्युपाँचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी कारखान्यांची बांधणी आणि दुरुस्तीचं शटडाउन आखायला ही पद्धत काढली, हिशेब युनिव्हॅक संगणकावर व्हायचे. जवळपास त्याच वेळी, 1958 मध्ये, अमेरिकन नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र कामासाठी पर्ट ही कालावधीची अनिश्चितता हिशेबात घेणारी बहीण जन्मली. गंमत म्हणजे ‘क्रिटिकल पाथ’ हा शब्द पर्टवाल्यांचा, असं केली यांनी स्वतःच म्हटलंय. पोलंडचे कारोल अदामीत्स्की यांनी अशीच कामांची साखळी 1896 मध्ये मांडली होती असं सांगतात, पण ती छापून आली बऱ्याच उशिरा, त्यामुळे थेट वंशावळ जोडणं धोक्याचं.

ही साधनं आरोग्यात कशी बसतात ते कोकणातल्या लेप्टोवरून नीट कळतं. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-गुरांच्या लघवीतून चिखलात येतात, आणि लावणीच्या वेळी पायाला कापलेलं, भेगा पडलेलं असलं की तिथून आत शिरतात. म्हणून हा आजार इथे पावसाच्या कॅलेंडरवर चालतो. जोखमीच्या शेतकऱ्यांना आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन साधारण सहा आठवडे देतात. गोळीने लागण थांबते का यावर शंका आहे, अंदमानातल्या अभ्यासात लागण फारशी कमी झाली नाही पण आजारी पडणारे कमी झाले, आणि अमेरिकन सैनिकांवर पनामात झालेल्या 1984 च्या अभ्यासाचे आकडे त्याहून खूप चांगले होते. गावातल्या चिखलाशी अंदमानचं चित्र जास्त जुळतं असं वाटतं. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ही गोळी देत नाहीत, आणि इतरांनी ती जेवून, भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर घशात-छातीत जळजळ होते आणि दुसऱ्या आठवड्याला माणूस गोळी खिशात ठेवून देतो.

आता एक नमुना प्राथमिक आरोग्य केंद्र घेऊ, दक्षिण कोकणातलं, आकडे हिशेबापुरते. जोखमीचे 800 शेतकरी. प्रत्येकाला 100 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, सहा आठवडे, म्हणजे 9600, आणि दहा टक्के वर धरले की 10,560 गोळ्या. पेरणी रोहिणीत आणि लावणी आर्द्रा लागता लागता असं धरलं, तर पहिला डोस 19 जूनपर्यंत पोटात गेला पाहिजे.

कामं अशी: आशांनी घरोघर जाऊन यादी करणं 10 दिवस, यादीवरून मागणी लिहून मंजुरी घेणं 7 दिवस, जिल्ह्याच्या स्टोअरमधून गोळ्या येणं 18 दिवस, उपकेंद्रांना वाटप 4 दिवस, पहिला डोस 5 दिवस. यादीनंतर दुसऱ्या बाजूला आशा-सेवकांचं प्रशिक्षण 3 दिवस आणि मग वाडीवाडीत सांगणं 8 दिवस. पहिली साखळी 10, 7, 18, 4, 5 मिळून 44 दिवस. दुसरी 10, 3, 8 आणि शेवटी तोच पहिला डोस 5, मिळून 26. लांब ती क्रिटिकल. तिच्यात एक दिवस घसरला की शेवट एक दिवस घसरतो. प्रशिक्षणाकडून जाणाऱ्या वाटेला मात्र 18 दिवसांची सूट आहे, म्हणजे ट्रेनिंग आठवडाभर लांबलं म्हणून मीटिंगमध्ये आरडाओरडा करण्यात अर्थ नाही, आणि तरी नेमका तिथेच आरडाओरडा होतो कारण ट्रेनिंगचा फोटो पाठवायचा असतो आणि स्टोअरच्या फायलीचा फोटो कोणी मागत नाही.

19 जूनपासून 44 दिवस मागे मोजलं तर यादीचं काम 7 मेला सुरू व्हायला हवं. यादी 16 मेला संपते, मंजुरी 23 ला, गोळ्या 10 जूनला येतात आणि वाटप 11 ते 14 जूनला पडतं. कागदावर सगळं वेळेत. पण मृग 7-8 जूनला लागतो, पहिल्या जोराच्या सरींत वहाळ फुगतो, साकवावरून पाणी जातं, रस्त्यावर झाड आडवं, लाइट नाही, फोन नाही, आणि वाटपाचे चार दिवस सहज आठ होतात. क्रिटिकल पाथला पाऊस माहीत नसतो, तो आपण कालावधीत घालावा लागतो.

शिवाय 18 दिवस हा आकडा तरी कुठून आला? पर्टच्या पद्धतीने तीन अंदाज घेतले: सगळं सुरळीत झालं तर 10, नेहमीसारखं झालं तर 15, माल संपलेला असेल तर 38. सूत्र असं:

```
(10 + 4×15 + 38) ÷ 6 = 18
```

हा सरासरी आकडा आहे, हमी नाही. शक्यतांची शेपटी लांबच्या बाजूला असल्यामुळे 18 पेक्षा उशीर झाला तर तो बराच होऊ शकतो. तीन अंदाज डॉक्टरांनी ऑफिसात बसून टाकण्यापेक्षा औषध निर्माण अधिकाऱ्याला विचारून टाकले तर जास्त खरे निघतात.

हे सोडवायचे दोन मार्ग. एक म्हणजे क्रॅश करणं, म्हणजे पैसा किंवा माणूस लावून क्रिटिकल काम आखूड करणं. पण स्टोअरचे 18 दिवस आरोग्य केंद्राच्या हातात नाहीत. दुसरा म्हणजे अवलंबनच तोडणं. मागणी लिहायला ताजी यादी खरंच लागते का? मागच्या वर्षीच्या यादीवर दहा टक्के वर धरून मागणी आधीच पाठवली तर यादी आणि मागणी एकाच वेळी सुरू होतात. मग साखळी 7, 18, 4, 5 अशी 34 दिवसांची. सुरुवात तीच 7 मे ठेवली तर मंजुरी 13 मेला, गोळ्या 31 मेला, आणि वाटप 1 ते 4 जूनला, म्हणजे मृगाच्या आधी, खोके कोरडे असतानाच उपकेंद्रात. ताजी यादी तोवर 16 मेलाच हातात आलेली असते, त्यामुळे कुठल्या उपकेंद्राला किती हे तिच्यावरूनच ठरतं. डोस 15 जूनला सुरू केला तरी दहा दिवस शिल्लक राहतात.

स्वॉट इथे आधी वापरायचं असतं, हिशेबाच्या नंतर नाही. खान्यांत काय टाकायचं यावरच गोंधळ जास्त होतो. रिकामं पद ही उणीव की धोका? आतलं-बाहेरचं ही कसोटी लावली तर उणीव, कारण पद केंद्राचंच. हातात आहे-नाही ही कसोटी लावली तर धोका, कारण मेडिकल ऑफिसरला भरती करता येत नाही. बहुतेक पुस्तकं पहिली कसोटी धरतात आणि तीच बरी, नाहीतर सरकारी केंद्राच्या उणिवांचा खाना रिकामाच राहील आणि सगळा दोष पावसावर आणि मंत्रालयावर जाईल. जोड्या लावल्या की काम दिसायला लागतं. आशाला प्रत्येक घर माहीत आहे हे बळ, आणि 1 मेची ग्रामसभा व त्या दिवसांत गावी आलेले चाकरमानी ही संधी, म्हणजे जे लावणीपुरते परत येणार त्यांची नावंही मेमध्येच लिहून घेता येतात. गाडी एकच ही उणीव आणि पाऊस हा धोका, तर वाटप जूनच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे ढकलायचंच नाही.

मूल्यमापनाबद्दल लिखाण पातळ आहे. मृत्यू कमी झाले म्हणून योजना यशस्वी असं लिहितात, पण कमी पावसाच्या वर्षी आजार तसाही कमी दिसू शकतो. त्यापेक्षा यादीतल्या 800 पैकी सहाही डोस किती जणांनी घेतले आणि कितव्या आठवड्याला गळती सुरू झाली, हे आशाच्या वहीतून निघतं आणि पुढच्या मागणीला थेट उपयोगी पडतं. अडचण वेळेची आहे. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, आराखडे त्याआधी हिवाळ्यात लिहिले जातात, आणि लेप्टोचा हंगाम जून ते ऑक्टोबर. म्हणजे नव्या वर्षाचा निधी खाली पोचेपर्यंत क्रिटिकल पाथची पहिली दोन कामं उरकलेली असायला हवीत. म्हणून काही ठिकाणी पहिल्या महिन्याचा गोळ्यांचा साठा मागच्या वर्षाच्या मागणीतच घालतात, फक्त एक्स्पायरीची तारीख बघून.