सम-विषम संख्या : झाकणांच्या जोड्या (इयत्ता पहिली)

सम आणि विषम संख्यांची ओळख पहिलीच्या मुलांना बाटल्यांची झाकणे दोन-दोन करून मांडायला लावून करून देण्याची वर्गातली रीत. झाकणे मोजून घ्यायची, त्यांच्या जोड्या लावायच्या आणि शेवटी कुणी एकटे राहिले का ते पाहायचे. कुणी राहिले नाही तर संख्या सम, एक राहिले तर विषम. ‘एककाच्या जागी ०, २, ४, ६, ८ असेल तर सम’ हा नियम या टप्प्यावर सांगत नाहीत. तो पाठ झालेले मूल ४८ ला बिनचूक सम म्हणते, पण समोर आठ झाकणे विखरून ठेवली आणि ‘ही सम आहेत का?’ विचारले, तर त्याला उत्तर सुचत नाही. त्याच्या लेखी सम हा अंकाच्या आकाराचा गुण झालेला असतो, वस्तूंच्या समूहाचा नव्हे.

घरात या कल्पनेला जुनी नावे आहेतच. मुठीत चिंचोके लपवून ‘एकी की बेकी?’ विचारायचा खेळ महाराष्ट्रात पूर्वापार चालत आला आहे. एकी म्हणजे विषम आणि बेकी म्हणजे सम. बेकीतला ‘बे’ तोच, जो ‘बे एके बे’ मध्ये येतो. वर्गात मात्र ‘एकी’ हा शब्द जरा बेतानेच वापरावा लागतो, कारण तो उच्चारताच चार करंगळ्या वर होतात. सुरुवातीचे काही दिवस सम-विषम हे शब्दही बाजूला ठेवून ‘कुणी उरलं नाही’ आणि ‘एक उरलं’ एवढीच भाषा ठेवली, तर मुलांचा गोंधळ कमी होतो.

साहित्य. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या प्लास्टिक बाटलीचे झाकण साधारण तीन सेंटिमीटर रुंद असते. सहा वर्षांच्या मुलाच्या चिमटीत ते नीट बसते आणि बाकावरून घरंगळले तरी लांब जात नाही. दोन मुलांत वीस झाकणे लागतात, म्हणजे तीस मुलांच्या वर्गाला तीनशे. मुलांना घरून आणायला सांगितले की ती हळूहळू जमतात. झाकणे साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावीत, नाहीतर पिशवीत वास धरतो. सोड्याच्या काचेच्या बाटलीचे पत्र्याचे झाकण टाळावे, कारण त्याच्या कडेचे दाते बोटाला लागतात. त्या झाकणाला दाते असतात एकवीस, म्हणजे ते स्वतःच विषम. पण ही गंमत मोठ्या वर्गासाठी राखून ठेवावी.

पहिल्या दिवशी सगळी झाकणे एकाच रंगाची द्यावीत. हे दुर्लक्षून चालत नाही. जोडी म्हणजे सारख्या दोन वस्तू, हे मूल चपला आणि मोज्यांवरून शिकलेले असते. तीन निळी, तीन पांढरी आणि दोन लाल झाकणे दिली, तर ते निळ्याशी निळे, पांढऱ्याशी पांढरे लावते आणि एक निळे व एक पांढरे हातात धरून सांगते, ‘दोन उरली.’ त्याची मोजणी चुकलेली नाही, त्याची जोडीची व्याख्या वेगळी आहे. दोन-तीन दिवसांनी मुद्दाम मिश्र रंग द्यावेत आणि ‘निळं आणि पांढरं मित्र होऊ शकतात का?’ हा प्रश्न वर्गात सोडवून घ्यावा.

वर्गीकरण तक्ता. ए-फोर कागद उभा धरून त्यावर दोन पट्ट्या शेजारीशेजारी आखतात. प्रत्येक पट्टीत दोन उभे रकाने आणि पाच ओळी, घर चार सेंटिमीटरचे. दोन्ही पट्ट्या मिळून सोळा सेंटिमीटर रुंद आणि वीस सेंटिमीटर उंच होतात आणि खाली नऊ-दहा सेंटिमीटरची मोकळी जागा उरते. तिथे दोन चौकटी काढायच्या : डावीकडे ‘कुणी उरलं नाही’, उजवीकडे ‘एक उरलं’. १ ते २० अंकांची दोन-दोन सेंटिमीटरची चिठ्ठी-कार्डे त्यांत मावतात. पट्टीत पाचच ओळी का, याचे कारण पुढे येते.

समजा, मुलाने १३ चे कार्ड उचलले. ते तेरा झाकणे मोजून घेते आणि वरच्या ओळीपासून डावीकडे एक, उजवीकडे एक असे ठेवत खाली येते. दहा झाकणांत पहिली पट्टी भरते. उरलेल्या तिनांतली दोन दुसऱ्या पट्टीच्या पहिल्या ओळीत जातात आणि तेरावे त्याखाली डाव्या घरात एकटे बसते. उजवीकडचे घर रिकामे दिसते. मूल म्हणते, ‘सहा जोड्या, एक एकटं,’ आणि कार्ड उजव्या चौकटीत ठेवते. काही मुले ओळीने भरण्याऐवजी रकाना भरत खाली जातात. मग तेरामध्ये पहिली पट्टी भरते, पण उरलेली तिन्ही दुसऱ्या पट्टीच्या डाव्या रकान्यात उभी राहतात आणि मूल ‘तीन उरली’ म्हणते. त्यासाठी पहिल्या ओळीवर डावीकडून उजवीकडे बाण काढून दिलेला बरा.

मोठ्या मुलांच्या वहीत अशी नोंदही करता येते :

| कार्ड | पूर्ण जोड्या | उरले |
|---|---|---|
| ६ | ३ | ० |
| ७ | ३ | १ |
| १० | ५ | ० |
| १३ | ६ | १ |

‘उरले’च्या रकान्यात ० आणि १ यांखेरीज काहीच येत नाही, ही खरी शोधण्यासारखी गोष्ट आहे. दोन उरली की त्यांचीच जोडी होते, हे मुलांनी स्वतः बोलून दाखवेपर्यंत थांबावे.

याच तक्त्यावर समची दुसरी व्याख्याही दिसते. युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या सातव्या भागात सम संख्या म्हणजे दोन समान भागांत वाटता येणारी, असे म्हटले आहे, विषम म्हणजे तशी न वाटता येणारी, किंवा सम संख्येपेक्षा एकाने वेगळी. जोड्या आडव्या पाहिल्या की दोन-दोन दिसतात. तेच उभे पाहिले की डाव्या रकान्यात जितकी, तितकीच उजव्या रकान्यात. म्हणून ‘दोघा भावंडांना सारखी वाटता येतील का?’ आणि ‘जोड्या लागतील का?’ या दोन प्रश्नांचे उत्तर एकच येते. शून्याचे कोडेही इथेच सुटते. पट्टी रिकामी आहे, कुणी एकटे नाही, दोन्ही रकाने सारखेच रिकामे आहेत, म्हणून शून्य सम.

पाच ओळींचे कारण असे : दहा झाकणांनी एक पट्टी नेमकी भरते आणि तिच्यात एकटे कुणीच राहत नाही. म्हणजे चौदा असोत वा सतरा, भरलेली पट्टी झाकून टाकली आणि दुसरीतली चार किंवा सात झाकणे पाहिली तरी पुरते. एककाचा नियम यातूनच निघतो. तो आधी सांगितला तर मुले उलट अंकाकडेही पाहतात. १४ मध्ये पुढे १ आहे, म्हणून ते विषम, असे उत्तर हमखास मिळते. मराठी अंकांच्या नावांतही एक छुपी मदत आहे : एकोणीस म्हणजे विसाला एक कमी. वीस झाकणे लावून शेवटचे उचलले की जोडी मोडते आणि नाव व चित्र जुळते.

एक विचारपूर्वक होणारी चूक. सहा झाकणे लावून मूल म्हणते, ‘तीन जोड्या झाल्या. तीन विषम, म्हणून सहा विषम.’ ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. १९९० मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेबोरा बॉल यांच्या तिसरीच्या वर्गात एका मुलाने सहा ही संख्या समही आहे आणि विषमही, असा दावा केला, कारण ती तीन दोनांची बनलेली आहे. त्यावर वर्गात झालेली चर्चा गणितशिक्षणाच्या अभ्यासकांत आजही दाखला म्हणून दिली जाते. २, ६, १०, १४, १८ या सगळ्या संख्यांत जोड्यांची संख्या विषमच येते, त्यामुळे मुलाला दिसलेली गोष्ट खरी आहे. फक्त तिला ‘विषम’ हे नाव द्यायचे नाही. अशा वेळी चूक म्हणून खोडण्यापेक्षा ‘आपण जोड्या मोजतोय की एकटं कोण आहे ते पाहतोय?’ एवढे विचारणे बरे.

समज पक्की झाली का, हे पुन्हा मोजू न देता विचारून कळते. पट्टीवर तेरा लावलेली असताना ‘अजून एक टाकलं तर?’ असे विचारावे. रिकाम्या घराकडे बोट दाखवून ‘भरलं!’ म्हणणारे मूल पुढे गेलेले आहे. दोन मुलांनी अनुक्रमे तेरा आणि सात लावले असतील, तर दोघांची एकटी झाकणे शेजारी आणून ठेवावीत. त्यांची जोडी होते, वीस सम येते, आणि विषमात विषम मिळवले की सम होते हे सांगावे लागत नाही.

खेळ. दोघे खेळतात. प्रत्येकाकडे दहा झाकणे आणि एक पट्टी. मध्ये एक वाटी पालथी. पहिला आपली झाकणे पट्टीवर जोडीने लावतो. दुसऱ्याने डोळे मिटले की शेवटाकडून शून्य ते पाच यांतली हवी तितकी उचलून वाटीखाली लपवतो. दुसरा ‘एकी’ किंवा ‘बेकी’ म्हणतो. वाटी उचलून लपवलेल्या झाकणांच्या जोड्या तोच लावतो. बरोबर आल्यास पहिल्याकडचे एक झाकण त्याला मिळते, चुकल्यास त्याचे एक जाते. मग पाळी बदलते. दहा पाळ्यांना पाच-सहा मिनिटे पुरतात. शून्याची मुभा मुद्दाम ठेवली आहे : एक ते पाचच चालत असते, तर विषमाच्या तीन आणि समाच्या दोनच शक्यता राहिल्या असत्या आणि नेहमी ‘एकी’ म्हणणारा फायद्यात राहिला असता.

वरवर हा नशिबाचा खेळ दिसतो, पण लपवून उरलेली झाकणे पट्टीवर उघडीच असतात. पहिल्या पाळीत मूळची दहा असल्यामुळे पट्टीवर सात उरली असतील आणि एक एकटे दिसत असेल, तर त्याचा जोडीदार वाटीखाली आहे, म्हणून ‘एकी’. हे हेरणारा एखादा तरी मुलगा वर्गात निघतोच, आणि मग तो एकटे झाकण शोधून लागोपाठ जिंकायला बघतो. पण पाळी बदलत जाते आणि एखाद्या वेळी समोरच्याकडे दहाऐवजी अकरा झाकणे असतात. पट्टीवर पुन्हा एक एकटे दिसते, तो खात्रीने ‘एकी’ म्हणतो, आणि वाटीखाली चार निघतात.