५-० ची परंपरा आणि पुढचा सामना

"विश्वचषकात आपण पाकिस्तानशी कधीच हरत नाही, म्हणजे पुढचाही सामना आपलाच!"

टी-२० विश्वचषकात २००७ ते २०१६ या काळात भारत ५-० ने पुढे होता (त्यातला एक सामना तर बरोबरीत सुटून बोल-आउटवर गेलेला). २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत पाकिस्तान दहा गडी राखून जिंकला. त्या दिवशीच्या बावीस खेळाडूंपैकी २००७ च्या अंतिम सामन्यात खेळलेले तिघेच: रोहित शर्मा, शोएब मलिक आणि मोहम्मद हफीझ. मग ती परंपरा नेमकी कोणाची?

शिवाय पाच सामने फारच थोडे. अगदी तुल्यबळ संघांतही कोणीतरी ५-० ने पुढे असण्याची शक्यता सोळात एक असते. इतक्या जोड्या खेळतात, त्यात अशा काही निघणारच.

त्यापेक्षा संघाच्या ताकदीला गुण देणारे एलो मानांकन पाहावे. ते प्रत्येक सामन्यानंतर, प्रतिस्पर्ध्याची ताकद पाहून गुण बदलते. आमनेसामनेचे निकालही त्यात आलेलेच असतात. ते वेगळे धरले तर दोनदा मोजले जातात. ६० गुणांची आघाडी असेल तर:

```
1 / (1 + 10^(-60/400)) ≈ 0.585
```

म्हणजे जिंकण्याची शक्यता सुमारे ५८.५ टक्के, खात्री नव्हे. शाहीन आफ्रिदीच्या आत येणाऱ्या डावखुऱ्या चेंडूंसारखी खरी अडचण असेल, तर ती आजच्या अकरांत शोधावी.