इंग्रजी पाहुणे आणि नवरीचा उखाणा : पार्श्वभूमी

नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडाने घ्यायचं नाही, अशी रीत होती. ती मोडायची मुभा उखाण्यात मिळायची. दोन ओळी, शेवटी यमक आणि दुसऱ्या ओळीत नाव. चाल ओवीसारखी सैल, त्यामुळे नवा शब्द आला तरी सहज सामावतो.

नागपुरात परके शब्द यायला वेळ लागला नाही. 1853 साली भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, 1861 मध्ये शहर मध्य प्रांताची राजधानी झालं, 1867 ला रेल्वे आली, 1877 ला एम्प्रेस मिल. पुढे 1956 पर्यंत हिंदी आणि मराठी मुलूख एकाच प्रांतात नांदले. मांडवात दोन भाषांचे पाहुणे बसणं इथे जुनंच आहे.

पण स्टेशन, टेबल असे शब्द उखाण्यात आले ते वस्तूंची नावं म्हणून. वाक्य मराठीच राहिलं, ऐकणारेही मराठीच. आता मुलं परदेशात शिकतात, सोबतचे मित्र लग्नाला येतात आणि घास भरवताना ‘नाव घे वं’ असा गलका झाला की त्यांना काहीच कळत नाही. म्हणून आजच्या उखाण्यात इंग्रजी शब्दाला त्या पाहुण्यांशी थेट बोलावं लागतं. मला हा बदल खरोखर मोठा वाटतो.

समजा नवरा समीर, आणि पाहुणे लंडनहून आलेत:

ऑल द वे फ्रॉम लंडन आले, किती असलं दूर,
समीररावांचं नाव घेते, वेलकम टू नागपूर!

इथे पाहुण्यांना सुरुवात कळते, नाव कळतं आणि स्वागतही कळतं. आजीला ‘आले, किती असलं दूर’ आणि ‘नाव घेते’ पुरतं. ‘दूर’ला ‘नागपूर’ कानाला जुळतं, आणि गावाचं नाव दोघांच्याही ओळखीचं. यमकाचा शब्द असा सामायिक असला की टाळी एकदमच पडते.

फसतं ते बहुधा यमकातच. ‘स्माईल’ला ‘स्टाईल’ जोडलं की दोन्ही टोकं इंग्रजी होतात आणि आजी शेजारणीला विचारते, काय म्हणाली? उलट ‘गोडी’ला ‘जोडी’ लावलं तर पाहुणे दुसऱ्यांचं बघून उशिरा हसतात. स्पेलिंग बघून यमक जुळवू नये, मोठ्याने म्हणून बघावं. इंग्रजी वाक्य चार-पाच शब्दांपलीकडे गेलं की चाल अडखळते.

आणखी एक अडचण गोंगाटाची. नाव आलं रे आलं की मैत्रिणी ओरडतात आणि पुढचं स्वागत त्यात बुडतं. नाव घेतल्यावर क्षणभर थांबावं, आवाज ओसरू द्यावा, मग ‘वेलकम’ म्हणावं. ‘राव’ मात्र इंग्रजी पाहुण्यांसाठीही गाळू नये. त्यावाचून घरच्यांना तो उखाणा वाटतच नाही.