पहिल्या फ्रंट-एंड नोकरीचं कव्हर लेटर: आमच्याकडे तपासायला देण्यापूर्वी

बूटकॅम्प संपवून पहिल्यांदा ज्युनिअर फ्रंट-एंड डेव्हलपरच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. पत्र जास्तीत जास्त अडीचशे शब्दांचं असावं आणि ते ईमेलच्या मजकुरातच लिहावं. वेगळी फाइल जोडलीत तर ती उघडली जाईलच असं नाही. जिथे अर्ज पोर्टलवर भरायचा असतो अशा मोठ्या कंपन्यांत पत्राचा फारसा उपयोग होत नाही. दहा-पंधरा जणांच्या कंपनीत मात्र ते बऱ्याचदा टीम लीडच वाचतो. पुढचं सगळं त्या वाचकाला धरून लिहिलं आहे.

बूटकॅम्पच्या एका बॅचमधले सगळे जण तेच टू-डू लिस्ट, तेच हवामानाचं ॲप बनवतात. एकाच बॅचचे चार अर्ज आले की वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं. म्हणून पत्रात प्रोजेक्ट एकच घ्या, आणि असा घ्या ज्यात शिकवल्यापेक्षा वेगळं काही तुम्हाला स्वतःला सोडवावं लागलं. त्याची गिटहब हिस्टरीही पाहून ठेवा. अख्खा प्रोजेक्ट एकाच कमिटमध्ये चढवलेला असेल, तर तो उचलून आणल्याची शंका येते.

एक उदाहरण घेऊ. बार्शीची एक उमेदवार पुण्यातल्या कंपनीत अर्ज करते आहे आणि जाहिरातीत रिॲक्ट मागितलं आहे. तिच्या मसुद्यात हे वाक्य होतं: ‘मला एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि रिॲक्टचं उत्तम ज्ञान असून मी मेहनती आहे.’ हे कोणीही लिहू शकतं, आणि लिहितातही. तिने बाजार समितीचे भाव दाखवणारं पान बनवलं होतं, पण त्याचा पत्रात उल्लेखच नव्हता. पत्र इंग्रजीत जाणार असलं तरी मजकूर आधी मराठीत जुळवला की पोकळ वाक्यं चटकन उघडी पडतात. तो असा झाला:

‘बाजारभावाच्या पानावर आठशे ओळी आहेत. शोधाच्या चौकटीत एकेक अक्षर टाइप केलं की सगळी यादी पुन्हा रेंडर व्हायची आणि स्वस्त फोनवर अक्षरं मागे पडायची. आता टाइप करणं थांबल्यावर 300 मिलिसेकंदांनी शोध सुरू होतो आणि एका वेळी पन्नासच ओळी दिसतात. क्रोममध्ये सीपीयू चारपट मंद करून तपासलं, अडखळणं थांबलं.’

यात अडचण, तिचं कारण, उपाय आणि तपासणी असं सगळं आलं. मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच येण्याची शक्यता आहे. म्हणून दुसऱ्याने करून दिलेला उपाय आपला म्हणून लिहू नका.

खरा घात होतो तो लिंकमध्ये. स्वतःच्या लॅपटॉपवर पान नीट चालतं, पण पत्रातली लिंक उघडली की पांढरा पडदा येतो. व्हीटवर बनवलेला प्रोजेक्ट गिटहब पेजेसवर ठेवला की हे हमखास दिसतं. तिथे पान रिपॉझिटरीच्या नावाखालच्या पत्त्यावर उघडतं, पण व्हीट जावास्क्रिप्ट आणि सीएसएसच्या फाइली मुळापासून शोधतं. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये त्या फाइलींसमोर 404 दिसलं तर कारण बहुधा हेच. रिपॉझिटरीचं नाव `bhav` असेल, तर `vite.config.js` मध्ये हे हवं:

```js
export default defineConfig({
  base: '/bhav/',
  plugins: [react()],
})
```

नंतर पुन्हा बिल्ड करून चढवा आणि लिंक इनकॉग्निटो खिडकीत उघडा. मग दुसऱ्याच्या फोनवर, मोबाइल डेटावरही उघडून पाहा. आपल्या ब्राउझरमध्ये लॉगिन असल्यामुळे प्रायव्हेट रिपॉझिटरीसुद्धा उघडते आणि आपण फसतो.

गावाबद्दल एकच वाक्य पुरे, आणि तेही माफीच्या सुरात नको. ‘लहान गावातली असूनही’ हे काढून टाका. वाचणाऱ्याला एवढंच कळायला हवं: ‘सध्या बार्शीत राहते, निवड झाल्यापासून पंधरा दिवसांत पुण्यात रुजू होऊ शकते.’ घरून काम करायची जागा असेल, तर इंटरनेट कुठलं आहे आणि वीज गेल्यावर काय सोय आहे ते लिहा. सोय नसेल तर आधी ती करा, मग लिहा.

तपासणीसाठी आमच्याकडे नोकरीची मूळ जाहिरात, पत्राचा मसुदा (मराठीत असला तरी चालेल), चालू पानाची लिंक आणि गिटहबची लिंक पाठवा. जाहिरातीशिवाय आलेला मसुदा आम्ही तपासत नाही, कारण कुठला प्रोजेक्ट पुढे आणायचा हे जाहिरातीवरूनच ठरतं. लिंक आमच्याकडे उघडली नाही, तर ती दुरुस्त होईपर्यंत पत्राला हात लावत नाही.